खाड्याचा हिशेब

पुण्यात शिकायला आलेल्या मुलाने मेस लावली, की पहिल्याच आठवड्यात त्याला एक शब्द शिकावा लागतो: खाडा. हजेरीपटावर खाडा पडला की शाळकरी मुलाला बोलणी बसतात आणि रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते. मेसमध्ये उलटा प्रकार असतो. तिथे न आलेल्याला खाडा हवा असतो आणि मेसवाला तो धरायला नाखूश असतो. तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही, खाडा आदल्या दिवशी सांगावा, अशा अर्थाच्या पाट्या काउंटरमागे लावलेल्या असतात. नवख्याला त्या खास पुणेरी तुसडेपणाच्या वाटतात. खरं तर या विषयाचं बरंचसं अर्थशास्त्र त्या दोन ओळींत मावलेलं आहे.

कॉलेजच्या वसतिगृहात हाच खाडा 'मेस रिबेट' होतो आणि केरळात गेलं तर 'मेस कट'. तक्रार मात्र सगळीकडे सारखीच. गणपतीला आठ दिवस घरी होतो, तरी बिल पूर्ण महिन्याचं आलं. रेक्टरांकडे जावं तर ते मेस मॅनेजरकडे पाठवतात, मॅनेजर कार्यालयाकडे पाठवतो आणि कार्यालयातले कारकून विचारतात, "फॉर्म भरला होता का?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एका दिवसाच्या दरात काय काय असतं ते पाहायला हवं. त्याशिवाय नेमकी किती वजावट मागायची हेच कळत नाही.

मेसच्या खर्चाच्या दोन जाती असतात. डाळ, तांदूळ, कणीक, भाजी, तेल, दूध हा खर्च जेवणाऱ्या माणसांप्रमाणे कमी-जास्त होतो. आचाऱ्याचा पगार, वाढप्यांचा आणि भांडी घासणाऱ्या बाईंचा पगार, जागेचं भाडं, पाणी, वीज हा खर्च मात्र पंगतीला शंभर माणसं बसोत की ऐंशी, जवळपास तेवढाच राहतो. वसतिगृहाच्या बिलात या दुसऱ्या भागाला बहुधा 'एस्टॅब्लिशमेंट चार्जेस' असं भारदस्त नाव असतं. विद्यार्थी घरी गेला म्हणून आचाऱ्याचा पगार कापला जात नाही, म्हणून या भागाची वजावट सहसा मिळत नाही आणि ती मागण्यात फारसा अर्थही नाही. भांडण करायचं ते पहिल्या भागासाठी.

पण पहिला भागही आपोआप वाचत नाही. सकाळी मंडईतून भाजी आली, कणीक मळून झाली, कुकर चढला आणि मग कळलं की चारजण येणार नाहीत, तर त्या चौघांचं अन्न शिजलेलंच असतं. म्हणून आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी सांगण्याची अट. सलग तीन-चार दिवसांची अट थोड्या वेगळ्या कारणाने येते. दीडशे माणसांचा स्वयंपाक करणारा आचारी एका माणसाच्या एका दिवसासाठी पातेल्यातला अंदाज बदलत नाही. एखाद्या रात्री कुणी मित्राकडे जेवला, तर त्या जेवणातून मेसचा छदामही वाचत नाही. पंधरा मुलं आठवडाभर नसतील, तर मात्र तांदळाचं एक पोतं पुढे सरकतं. एवढं मान्य केलं की नियम कुठे रास्त आहे आणि कुठे नुसता अडवणुकीचा आहे, हे ओळखणं सोपं जातं. आठ दिवस आधी कळवा किंवा सलग पंधरा दिवस असाल तरच वजावट, या अटींचा ना मंडईशी संबंध असतो ना पातेल्याशी.

ही वजावट नेमकी कुणाच्या खिशातून जाते, हे मेस कशी चालते त्यावर ठरतं.

काही वसतिगृहांत विद्यार्थीच मेस चालवतात. मेस सेक्रेटरी निवडला जातो, तो किराणा भरतो आणि महिन्याच्या शेवटी झालेला खर्च सगळ्यांवर वाटला जातो. समजा, शंभर मुलांच्या अशा मेसचा तीस दिवसांचा खर्च ३,००,००० रुपये झाला. त्यात किराणा-भाजीचे २,१०,००० आणि पगार वगैरे ठरलेले ९०,०००. डोक्यावर वाटलं तर प्रत्येकी ३,००० रुपये. पण महिन्याभरात सगळ्यांचे मिळून २०० दिवसांचे खाडे पडले असतील, तर जेवणाचे दिवस ३,००० नव्हे, २,८०० झाले. २,१०,००० ला २,८०० ने भागलं की दिवसाचे ७५ रुपये येतात. दहा दिवस घरी गेलेल्याचे वीस दिवसांचे १,५०० आणि ठरलेल्या खर्चाचे ९०० मिळून २,४०० होतात. पूर्ण महिना जेवलेल्याचे ३,१५०. म्हणजे घरी गेलेल्याचे ६०० रुपये वाचले आणि राहिलेल्याला १५० जास्त पडले. घरी जाणाऱ्यांनी वेळेवर सांगितलं असेल, तर एकूण किराणाच कमी लागतो आणि हा १५०चा बोजा बराचसा नाहीसा होतो. न सांगता गेले असतील, तर त्यांचं अन्न वाया जातं आणि त्याचे पैसे मागे राहिलेले भरतात. मेस सेक्रेटरी खाड्याच्या बाबतीत एवढा कडक का असतो, याचं कारण इथे आहे. तो स्वतःही त्याच पंगतीत जेवत असतो.

ठेकेदाराची मेस असेल तर चित्र पालटतं. संस्था निविदा काढते, दिवसाचा माणशी दर ठरतो आणि सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांकडून मेस ॲडव्हान्स घेतला जातो. इथे न शिजलेल्या अन्नाची बचत आधी ठेकेदाराच्या गल्ल्यात पडते, पंगतीतल्या इतरांना त्यातलं काही मिळत नाही. खाडा मंजूर झाला तरच ती विद्यार्थ्यापर्यंत पोचते. काही करारांत ठेकेदाराला किमान माणसांची हमी दिलेली असते. उपस्थिती त्याखाली गेली तरी संस्थेला तेवढ्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात. अशा ठिकाणी कार्यालय वजावटीला का कां-कू करतं, हे करार पाहिल्याशिवाय उमजत नाही. त्या कराराकडे पुढे येऊच.

आता एक बिल उलगडून पाहू. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेले आहेत, नियम मात्र बऱ्याच वसतिगृहांत आढळतात तसेच.

साताऱ्याहून पुण्याला इंजिनिअरिंगसाठी आलेली एक विद्यार्थिनी. मेसचा दर दिवसाला १३० रुपये, त्यातले ९० जेवणाचे आणि ४० ठरलेल्या खर्चाचे. खाड्याचे नियम तीन: ४८ तास आधी फॉर्म द्यायचा, सलग किमान चार दिवस हवेत आणि वजावट दिवसाला ९० रुपयांची. ऑक्टोबरात दिवाळीसाठी ती १७ तारखेला दुपारचं जेवण करून निघाली आणि २७ तारखेला रात्रीच्या जेवणाला परतली. फॉर्म तिने १४ तारखेला दिला होता. दिवाळीत २० ते २४ असे पाच दिवस मेसच बंद होती. महिनाअखेर बिल आलं ४,०३० रुपयांचं, म्हणजे ३१ दिवस गुणिले १३०. एकाही दिवसाची वजावट नाही.

पहिला प्रश्न दिवस मोजण्याचा. जाण्याच्या दिवशी तिने एक वेळ जेवण घेतलं आणि येण्याच्या दिवशीही एक वेळ. बहुतेक नियमांत हे दोन्ही दिवस खाड्यात धरत नाहीत. तेव्हा तिचा खाडा १८ ते २६, असा पुरा नऊ दिवसांचा. इथे भावनेच्या भरात "अकरा दिवस नव्हते" असं लिहिलं की अर्ज तिथेच अडकतो.

दुसरा प्रश्न बंद दिवसांचा. २० ते २४ या पाच दिवसांत मेस कुणालाच जेवण देत नव्हती. त्या दिवसांचे पैसे न लावणं याला वजावट म्हणताच येणार नाही, कारण मुळात ती आकारणीच चुकीची आहे. त्यासाठी कुणाला फॉर्म भरावा लागू नये. तिच्याच मजल्यावरची जी मुलगी दिवाळीत वसतिगृहात राहून बाहेर जेवली, तिच्या बिलातूनही हे पाच दिवस गेले पाहिजेत. हा मुद्दा अनेकदा सुटतो, कारण प्रत्येकजण आपापल्या खाड्याच्या अर्जात गुंतलेला असतो आणि सगळ्यांच्या बिलातली सारखी चूक कुणालाच चूक वाटत नाही.

तिसरा प्रश्न खरा पेचाचा. बंद दिवस वगळल्यावर तिच्या खाड्याचे उरले चार दिवस: १८, १९ आणि २५, २६. कारकून म्हणतो, हे दोन-दोन दिवसांचे दोन तुकडे झाले, सलग चार कुठे आहेत? नियमाच्या अक्षराला धरून तो बरोबर वाटतो. पण सलगपणाची अट कशासाठी आहे, हे आठवलं की युक्तिवाद ढासळतो. ती नऊ दिवस एकदाही पंगतीला बसली नाही, मेसला हे ४८ तासांहून अधिक आधी कळलं होतं आणि मधले पाच दिवस मेसनेच बंद ठेवले होते. विद्यार्थ्याच्या गैरहजेरीतला खंड विद्यार्थ्याने परत येऊन पाडावा लागतो. मेसच्या सुट्टीने तो पडू नये. नियमावलीत याबद्दल स्पष्ट ओळ नसेल, तर नेमकी हीच ओळ पुढच्या मेस कमिटीच्या बैठकीत लिहून घेण्यासारखी आहे.

तेव्हा बिल असं व्हायला हवं. आकारणीचे दिवस ३१ वजा ५, म्हणजे २६. त्यांचे ३,३८० रुपये. त्यातून चार दिवसांची वजावट ३६० रुपये. देणं राहिलं ३,०२०. आलेल्या बिलापेक्षा १,०१० रुपये कमी. बंद दिवसांतही ठरलेला खर्च घ्यावा असं नियमावलीत लिहिलं असेल, तर पाच दिवसांचे २०० रुपये परत चढतील आणि फरक ८१० वर येईल. हे दोन्ही आकडे अर्जात लिहिलेले बरे. बिल जास्त आलं आहे, एवढंच लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. १,०१० रुपये कसे जास्त आले ते चार ओळींत मांडलेला अर्ज निदान कुणीतरी गणित तपासण्यासाठी तरी उचलतो.

हा सगळा डोलारा उभा राहतो तो एका कागदावर, आणि तो कागद चुकीचा निघाला तर सगळंच कोसळतं. बहुतेक मुलं इथेच फसतात. घरी जाताना रेक्टरांची सही घेऊन आउटपास काढला जातो, गेटवरच्या वहीत नाव आणि वेळ लिहिली जाते, आणि विद्यार्थ्याला वाटतं की आपण कळवलं. पण गेटची वही वॉचमनकडे राहते, आउटपास रेक्टरांच्या फायलीत जातो, आणि मेस मॅनेजरला या दोन्हींचा पत्ता नसतो. सुरक्षेचा कागद वेगळा, जेवणाचा वेगळा. मेसच्या दृष्टीने ज्याने खाड्याचा फॉर्म दिला नाही तो जेवायला होता. खाड्याच्या फॉर्मवर तारखेसह पोच घ्यावी, निदान सहीनंतर मोबाइलवर फोटो काढावा. वहीत नोंद करायची पद्धत असेल तर त्या पानाचा फोटो पुरतो. आउटपास आणि एसटीचं तिकीट यांचं मोल वेगळं आहे. कळवलं होतं का, हे त्यांनी सिद्ध होत नाही, पण खरोखर नव्हता का, या प्रश्नाला ती उत्तरं आहेत. जिथे प्रत्येक जेवणाला अंगठा किंवा कार्ड लावावं लागतं, तिथे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मेसच्याच यंत्रात पडलेलं असतं, आणि ती नोंद मागता येते.

आधी कळवणं ज्यात शक्यच नसतं, असा प्रसंग आजारपणाचा. डेंगी होऊन रुग्णालयात दाखल झालेला मुलगा ४८ तास आधी फॉर्म कसा भरणार? बऱ्याच नियमावलींत रुग्णालयात दाखल झाल्यास मागाहून अर्ज करण्याची सवलत असते; सोबत डिस्चार्ज कार्ड जोडायचं. त्यावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, म्हणून साध्या वैद्यकीय प्रमाणपत्रापेक्षा ते जास्त चालतं. खोलीवरच्या मित्राने त्याच दिवशी मेसला निरोप देऊन ठेवला, तर आणखी बरं. मागाहून अर्ज करायची मुदत मात्र बहुधा महिन्याचं बिल बंद होईपर्यंतच असते.

कॉलेजनेच बाहेर नेलं असेल तर? राष्ट्रीय सेवा योजनेचं विशेष शिबिर सात दिवसांचं असतं. शिबिरात जेवण योजनेच्या निधीतून होतं आणि त्याच सात दिवसांचे पैसे मेसच्या बिलातही लागतात. औद्योगिक सहलीचंही तेच. इथे पन्नास मुलांनी पन्नास फॉर्म भरण्यापेक्षा कार्यक्रम अधिकाऱ्याने किंवा विभागप्रमुखांनी नावांची यादी तारखांसह मेसला पाठवणं सरळ आहे. यादी निघण्याआधी ती पाठवायची आठवण कुणीतरी करून द्यावी लागते, आणि ते काम ज्याला बिल येतं त्याचंच असतं.

खोलीभाड्याची गोष्ट निराळी. विद्यार्थी घरी असला तरी खाट त्याच्या नावावर अडलेली असते, ती दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे सुट्टीच्या दिवसांचं खोलीभाडं परत मिळण्याची अपेक्षा सहसा करता येत नाही. खासगी वसतिगृहं आणि पेइंग गेस्ट ठिकाणं नेमका याचाच फायदा घेतात. ती राहणं-खाणं मिळून एकच रक्कम सांगतात. जेवणाचा वाटा वेगळा दाखवलेलाच नसला, की वजावट कशातून काढणार? प्रवेश घेतानाच पावतीवर किंवा करारात भाडं आणि जेवण वेगळं लिहून घेतलं, तर नंतरचा बराच वाद टळतो. पैसे देण्याआधी मालक हे लिहून देतो. नंतर त्याला तेवढा वेळ नसतो.

बाहेरच्या खाणावळीत वजावट रोख क्वचित मिळते. तिथे कार्ड पुढे सरकतं. साठ ताटांचं कार्ड असेल आणि पाच दिवसांचा खाडा धरला गेला, तर दहा ताटं पुढच्या महिन्यात जमा होतात. व्यवहार सोपा आहे, फक्त त्याला शेवटची तारीख असते. परीक्षा संपवून गावी जाणाऱ्याने उरलेली ताटं आधी संपवावीत, नाहीतर मित्राला जेवायला घालावं.

अर्ज करूनही कार्यालय दाद देत नसेल, तर पुढची वाट संस्थेच्या प्रकारावर ठरते. सरकारी किंवा अनुदानित संस्था असेल, तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज फार कामाचा ठरतो. ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत, मेसचे चालू नियम, त्या महिन्यात मेस बंद असलेल्या तारखा आणि ठेकेदाराला दिलेल्या त्या महिन्याच्या बिलाची प्रत, एवढंच मागायचं. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. बंद दिवसांचे पैसे संस्थेने ठेकेदाराला दिलेलेच नाहीत आणि विद्यार्थ्यांकडून मात्र घेतले, असं त्या कागदांतून दिसलं, तर पुढे युक्तिवाद करायची गरज उरत नाही. दिले असतील, तर किमान माणसांच्या हमीचं कलम तिथेच सापडेल, आणि मग भांडण कारकुनाशी नसून करार करणाऱ्यांशी आहे हे तरी कळेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नवे विनियम आणले. त्यांनुसार आयोगाच्या कक्षेतल्या संस्थांत तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर लोकपालाकडे अपील करता येतं. जाहीर केल्यापेक्षा जास्त पैसे मागणं ही त्या विनियमांत तक्रारीची एक बाब आहे. म्हणून अर्जात 'वजावट द्यावी' या विनंतीबरोबर 'माहितीपुस्तिकेतल्या अमुक नियमापेक्षा इतके रुपये जास्त आकारले' असं लिहिलं, तर समितीला तो आपल्या कामाचा वाटतो. ग्राहक आयोगाची वाट खासगी खाणावळीसाठी किंवा खासगी वसतिगृहासाठी मोकळी आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. शिक्षणसंस्था मात्र ग्राहक कायद्याखाली येतात की नाही, यावर न्यायालयांत बराच खल झालेला आहे, त्यामुळे कॉलेजच्या मेससाठी ती वाट भरवशाची नाही. हजार रुपयांसाठी आयोगात खेटे घालणं परवडत नाही हे खरंच, पण शंभर मुलांचे पाच-पाच बंद दिवस एकत्र केले तर साताऱ्याच्या मुलीच्या मेसमध्येच तो आकडा ६५,००० होतो.

मंजूर झालेली वजावट हातात कशी येते, यातही एक मेख आहे. बहुतेक संस्था ती रोख देत नाहीत. पुढच्या महिन्याच्या बिलात किंवा पुढच्या सत्राच्या मेस ॲडव्हान्समध्ये वळती करतात. पहिल्या वर्षाच्या मुलाला त्याने काही फरक पडत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलाला पुढचं सत्रच नसतं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे वसतिगृहं रातोरात रिकामी झाली, तेव्हा हा प्रश्न देशभर एकदम उघडा पडला. सत्राचे मेसचे पैसे भरलेले होते, जेवण निम्म्यावर थांबलं होतं आणि 'पुढच्या सत्रात वळते करू' हे उत्तर शेवटच्या वर्षाच्या मुलांना लागूच पडत नव्हतं.

अशा विद्यार्थ्याने नो ड्यूजवर सही घेण्याआधी मेसचं खातं वेगळं मागून पाहावं. ॲडव्हान्स किती भरला, महिनावार बिलं किती झाली, मंजूर खाडे कोणत्या महिन्यात वळते केले आणि शिल्लक किती, हे त्यात दिसतं. शिल्लक आणि अनामत रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनामत परत आली म्हणजे मेसची शिल्लकही आली, असं नसतं. परताव्याच्या अर्जासोबत रद्द केलेला धनादेश जोडताना एक गोष्ट तपासून घ्यावी. प्रवेशाच्या वेळी दिलेलं शिष्यवृत्तीचं बँक खातं तीन-चार वर्षं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं असेल, तर परतावा संस्थेकडे परत जातो आणि कुणी विचारायला आलं नाही तर तिथेच राहतो.